चेंडू हातात, पाय जागेवर

गेल्या मे महिन्यात आमच्या इमारतीच्या मागच्या आवारात मी दहा मुलं गोळा केली. शहाबादी फरशीचे सात तुकडे एकावर एक रचले, जुन्या टेनिस बॉलने नेम धरून ते पाडून दाखवले, पुन्हा रचून दाखवले आणि ‘चला, खेळा आता’ म्हणून बाजूला झाले. पंधरा मिनिटांत डाव मोडला. सगळ्यांत उंच मुलाच्या हातात चेंडू आला की तो थेट पळत जायचा आणि दोन हातांवरून समोरच्याच्या पाठीत चेंडू हाणायचा. त्याच्या संघातले दोघं दगडांना पाय लावून पहारा देत उभे. वाकून दगड रचणाऱ्या एका मुलीच्या कानावर चेंडू बसला आणि ती रडत घरी गेली.

त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी मुलांना फक्त पाडणं आणि रचणं शिकवलं होतं. लगोरी या दोन्हींच्या मधे असते, आणि ती आम्हाला कुणी बसवून शिकवली नव्हती. मोठ्या मुलांच्या डावात कच्चा लिंबू म्हणून दोन-तीन वर्षं पळता पळता ती अंगवळणी पडली होती. आजच्या मुलांच्या आसपास ती मोठी मुलं नाहीत, म्हणून ते मधले नियम आपल्यालाच तोंडाने सांगावे लागतात.

आधी खेळाचा सांगाडा. दोन संघ, चार-चार ते सहा-सहा गड्यांचे. एक संघ लगोरी पाडणार, दुसऱ्यावर राज्य. पाडणाऱ्यांनी एका रेषेमागून एकेकाने चेंडू मारायचा, प्रत्येकाला तीन नेम. नेम चुकला आणि राज्य घेतलेल्यांपैकी कुणी तो चेंडू एका टप्प्यात झेलला, तर मारणारा तिथेच बाद, उरलेले नेमही गेले. कुणालाच लगोरी पाडता आली नाही तर राज्य बदलतं. पडली, की खरा खेळ सुरू. पाडणाऱ्यांनी सगळे दगड पुन्हा रचायचे, राज्य घेतलेल्यांनी चेंडू आणून त्यांना मारायचं. सातवा दगड बसला आणि ‘लगोरी!’ अशी आरोळी उठली की पाडणाऱ्यांना एक गुण. त्याआधी सगळे बाद झाले तर गुण दुसऱ्यांचा. मग राज्य उलटं. कुठे याला लिंगोरचा म्हणतात, हिंदी मुलखात पिठ्ठू, पण सांगाडा हाच.

दगडांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण अर्ध्या तक्रारी तिथून येतात. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला छान, पण एकावर एक ठरत नाहीत. चकचकीत टाइल्सचे तुकडे घसरतात आणि त्यांच्या कडा बोटं कापतात. शहाबादी फरशीचे किंवा कौलाचे तुकडे सगळ्यांत चांगले, कारण त्यांचा पृष्ठभाग खरखरीत असतो. कडा मात्र खडबडीत जमिनीवर घासून बोथट करून घ्याव्यात. सगळ्यांत खालचा दगड मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा, सगळ्यांत वरचा बिस्किटाएवढा, आणि रचून झाल्यावर उंची वीतभर. मुलांना उतरत्या क्रमाने रचायची घाई नसते. मिळेल तो दगड ठेवतात आणि पाचव्याला सगळं कोसळतं. म्हणून डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाकडून एकदा लगोरी रचून घ्यावी. दोन-तीन वेळा रचली की कोणता दगड कुणाच्या खाली, हे हाताला कळतं.

चेंडू वापरून गुळगुळीत झालेला टेनिस बॉल. नवा फार उसळतो, आणि प्लास्टिकचा इतका हलका असतो की दगडाला लागून नुसता परत येतो. सीझन बॉल तर कधीच नको. रेषा आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी त्यांच्याच आठ ते दहा पावलांवर आखावी. सगळे सहज पाडायला लागले की दोन पावलं मागे सरकवावी.

आता ते मधले नियम. पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा, ज्याच्या हातात चेंडू त्याने पळायचं नाही. चेंडू उचलायला कितीही पळावं, पण हातात आला की पाय जागेवर. एकतर तिथूनच मारायचं, नाहीतर जवळच्या गड्याकडे फेकायचं. आमच्या पहिल्या डावात हाच नियम नव्हता, म्हणून एकटा उंच मुलगा खेळला आणि बाकीचे चौघं बघत राहिले. हा नियम लावल्यावर त्याच मुलाला पहिल्यांदा आजूबाजूला बघावं लागलं, कोण कुठे उभं आहे, कुणाकडे दिला तर नेम जवळून बसेल. चेंडू हातोहात फिरायला लागला आणि सगळ्यांत लहान मुलगीही खेळात आली, कारण ती लगोरीच्या जवळ उभी होती.

दुसरा नियम दगडांभोवतीच्या गराड्याचा. लगोरीभोवती खडूने दोन पावलांचं रिंगण आखायचं. राज्य घेतलेल्यांनी त्यात पाऊल टाकायचं ते फक्त चेंडू उचलायला, आणि उचलला की बाहेर येऊन मारायचं किंवा फेकायचं. एवढे एक-दोन पाय माफ. आत उभं राहून पहारा द्यायचा नाही. दगड पायाने उडवले, तर सरळ समोरच्यांना गुण. हे न सांगितल्यास मुलं हटकून दगडांवरच उभी राहतात, आणि त्यांचं चूक नाही, कारण ‘रचू द्यायचं नाही’ याचा त्यांना सुचलेला सोपा अर्थ तोच.

तिसरा नियम मारण्याचा, आणि इथे मी माझ्या लहानपणापेक्षा वेगळं सांगते. आम्ही ‘कमरेखाली लागला तरच बाद’ म्हणायचो आणि तेवढं पुरेसं वाटायचं. पण दगड रचणारा वाकलेला असतो, कधी उकिडवा बसलेला. त्याचं डोकं तेव्हा मारणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीला येतं, आणि कमरेवर मारलेला चेंडू सरळ तोंडावर बसतो. आमच्या त्या मुलीच्या कानाला लागला तो असाच, मुद्दाम कुणी मारला नव्हता. म्हणून उभ्या-पळत्याला कमरेखाली मारायचं, पण वाकलेल्याला फक्त पाठीवर, तेही पाठीकडच्या बाजूने. समोरून मारायचं असेल तर चेंडू जमिनीवरून घरंगळत पायाला लावायचा. डोक्याला लागला तर कुणी बाद नाही आणि मारणाऱ्याच्या संघाने चेंडू सोडून द्यायचा.

एकाला लागलं की पूर्ण संघ बाद, की लागला तोच बाद? दोन्ही पद्धती आहेत. नव्याने शिकणाऱ्यांसाठी दुसरी घ्यावी. पहिल्या पद्धतीत सगळ्यांत हळू पळणाऱ्याला गाठलं की डाव संपतो, आणि त्या मुलाच्या माथी सगळ्यांचा राग येतो. ज्याला लागलं तो बाजूला, बाकीचे रचत राहतात, यात डावही लांबतो. अगदी लहान असेल त्याला कच्चा लिंबू करावं. त्याने पळायचं, दगडही ठेवायचे, पण तो बाद होत नाही.

संघ पाडताना मोठ्यांनी हात घालू नये, जुनी रीतच पुरते. साधारण बरोबरीची दोन-दोन मुलं जोडीने बाजूला जातात, आपापली गुप्त नावं ठेवतात, परत येऊन विचारतात, ‘आंबा हवा की फणस?’ पुढारी एक नाव घेतो, दुसरं समोरच्याकडे जातं. जोडी बरोबरीची असल्यामुळे संघही बरोबरीचे होतात, आणि शेवटी कुणाला निवडायचं राहिलं अशी वेळ कुणावर येत नाही.

पुढच्या रविवारी हे सगळं सांगून पुन्हा डाव मांडला. पाच-पाच गडी. पहिल्या मुलाने जोर लावून मारलं, चेंडू दगडांवरून गेला, मागे उभ्या असलेल्या मुलीने एका टप्प्यात झेलला. बाद. दुसऱ्याने खालच्या दगडालाच नेम धरला आणि तो बसला. सातही दगड उधळले, सगळे ओरडले. पण चेंडू दगडांत आपटून जागीच थांबला होता. राज्य घेतलेल्यांनी तो लगेच उचलला आणि सात दगड गोळा करता करता उरलेले चौघंही एकेक करून बाद झाले.

तिथे मी डाव थांबवून मुलांना विचारलं, सगळे दगड पाडायचे कशाला? एकदा लगोरी मोडली की झालं. जितके पाडाल तितके तुम्हालाच उचलायचे आहेत. वरच्या दोन-तीन दगडांना चाटून गेलेला चेंडू दोन कामं करतो. दगड थोडेच पडतात, आणि चेंडू अडत नाही, लांब निघून जातो. तो आणायला समोरच्यांना पळावं लागतं, आणि तेवढा वेळ आपला.

नंतरच्या डावात मागच्या रविवारी रडत गेलेलीच मुलगी रेषेवर आली. पहिला नेम हुकला. दुसऱ्यात वरचे तीन दगड उडाले आणि चेंडू पार स्कूटर लावतात त्या भिंतीपर्यंत गेला. चार दगड जागेवर उभे. तिने स्वतः एक ठेवला तेव्हा चेंडू अजून स्कूटरखालीच होता. मग चेंडू आला, पण आणणाऱ्याला पळता येईना, त्याने मधल्याकडे फेकला. तेवढ्यात एक मुलगा रिंगणाच्या डावीकडून दगडाकडे झेपावल्यासारखं करून मागे फिरला. मधला फसला, त्याने मारलं, नेम चुकला, चेंडू फाटकाकडे. उजवीकडून दुसऱ्याने सहावा ठेवला. सातवा बिस्किटाएवढा दगड मात्र सापडेना. तो पडून रिंगणाच्या बाहेर, राज्य घेतलेल्या एकाच्या पायाजवळ होता. त्याने पाय लावला नाही, नियम आठवला असावा. मुलीने तो त्याच्या समोरून उचलला, चेंडू हातातून सुटण्याआधी ठेवला आणि ‘लगोरी’ अशी आरोळी ठोकली.

लगेच भांडण झालं. दगड ठेवताना तिचा हात लागून वरचा एक हलला होता, पण पडला नव्हता. मी काहीच बोलले नाही. दोन्ही संघ रिंगणाभोवती बसून पाच मिनिटं वाद घालत राहिले आणि त्यांनी स्वतःच ठरवलं. आरोळी देताना दगडाला कुणाचा हात नको, आणि आरोळीनंतर एक ते पाच आकडे म्हणेपर्यंत लगोरी उभी राहिली पाहिजे. माझ्या लहानपणी हा नियम नव्हता. आता आमच्या आवारात तो आहे, आणि आकडे नेहमी हरणारा संघ मोजतो, सावकाश.