एकच चित्रपट, प्रत्येक देशाची वेगळी तारीख

बोंग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’ २१ मे २०१९ रोजी कान महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. ३० मे रोजी तो दक्षिण कोरियात लागला, ५ जूनला फ्रान्समध्ये आणि जून संपता संपता ऑस्ट्रेलियात. अमेरिकेच्या चित्रपटगृहांत तो ११ ऑक्टोबरला आला. जपानमध्ये सर्वत्र लागायला १० जानेवारी २०२० उजाडली, भारतात ३१ जानेवारी आणि ब्रिटनमध्ये तर ७ फेब्रुवारी. आता चित्रपटाची रिळे जहाजाने पाठवावी लागत नाहीत, तरीही कोरिया आणि ब्रिटन यांच्यात आठ महिन्यांचे अंतर पडले. ते का पडले हे समजण्यासाठी चित्रपट विकला जातो म्हणजे नेमके काय विकले जाते, ते आधी पाहायला हवे.

निर्माता चित्रपट विकत नाही, तो दाखवण्याची परवानगी विकतो. या परवानगीला तीन मर्यादा असतात: कोणत्या प्रदेशात, किती वर्षे आणि कोणत्या मार्गाने. चित्रपटगृह, टीव्ही, डिस्क, ऑनलाइन, विमानातले पडदे हे सगळे वेगवेगळे मार्ग आहेत. ‘पॅरासाइट’चे परदेशी हक्क कोरियातील सीजे कंपनीकडे होते आणि तिने देशोदेशीच्या वितरकांशी स्वतंत्र करार केले. उत्तर अमेरिकेचे हक्क निऑन या कंपनीने २०१८ मध्ये, चित्रपट पूर्ण होण्याआधीच घेतले होते. ब्रिटनचे हक्क कर्झनकडे गेले, भारताचे इम्पॅक्ट फिल्म्सकडे. पुढे त्या त्या देशात चित्रपट केव्हा लावायचा, हे मुख्यतः त्या वितरकाने ठरवायचे होते.

असे सौदे प्रामुख्याने चित्रपट-बाजारांत होतात. फेब्रुवारीत बर्लिन, मेमध्ये कान आणि वर्षअखेरीकडे अमेरिकन फिल्म मार्केट हे त्यांतले मोठे. वितरक ‘मिनिमम गॅरंटी’ म्हणजे किमान हमीची रक्कम कबूल करतो. तिचा काही भाग सही करताना द्यायचा असतो, उरलेला चित्रपटाचे साहित्य तयार असल्याची सूचना मिळाल्यावर. या साहित्यात डिजिटल प्रत, संवादांची यादी, पोस्टरसाठी छायाचित्रे असतात, आणि संवाद वगळून फक्त संगीत व इतर आवाज असलेला ध्वनिपट्टाही असतो. हा ध्वनिपट्टा नसेल तर डबिंग करताना पावलांचे आवाजही नव्याने तयार करावे लागतात. तिकिटांच्या उत्पन्नातून वितरक सहसा आधी जाहिरातीचा खर्च आणि हमीची रक्कम वसूल करतो. त्यानंतर उरलेल्या पैशांत निर्मात्याचा वाटा सुरू होतो. म्हणजे जोखीम वितरकाने आधीच उचललेली असते, म्हणून तारीख निवडताना तो इतका सावध असतो.

हक्कांची वाटणी करताना देशांच्या सीमा पुऱ्या पडत नाहीत, कारण भाषा सीमा ओलांडते. जर्मन भाषेतले हक्क घेणारा वितरक जर्मनीबरोबर ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचा जर्मनभाषक भागही मागतो. शेजारच्या देशात तीच डब केलेली आवृत्ती आधी आली, तर त्याचा प्रेक्षक तिकडून ती मिळवेल. म्हणून करारात अट घातली जाते, की अमुक तारखेआधी दुसऱ्याने त्या भाषेत चित्रपट आणायचा नाही. या अटीला धंद्यात ‘होल्डबॅक’ म्हणतात, आणि एखाद्या छोट्या देशात चित्रपट उशिरा येण्यामागे अनेकदा तीच असते. पुनर्निर्मितीचे हक्कही भाषेनुसार वेगळे होतात. ‘सैराट’वरून २०१७ मध्ये कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ झाला आणि २०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’.

भारतातला चित्रपटधंदाही असाच वाटलेला आहे आणि ती वाटणी राज्यांच्या नकाशाशी जुळत नाही. धंद्याच्या परिभाषेत मुंबई आणि गुजरात एकाच ‘बॉम्बे’ सर्किटमध्ये येतात, विदर्भ ‘सीपी बेरार’मध्ये, तर मराठवाडा हैदराबादसह ‘निजाम’मध्ये. संस्थान आणि प्रांत जाऊन कित्येक दशके लोटली, तरी वितरकांच्या हिशेबात ते अजून टिकून आहेत.

‘पॅरासाइट’ अमेरिकेत उशिरा आला तो ठरवून. ऑस्करचे मतदान वर्षाच्या सुरुवातीला होते, म्हणून तिथले वितरक पुरस्कारांची आशा असलेला चित्रपट शरद ऋतूत आणतात. निऑनने न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधल्या मोजक्या पडद्यांपासून सुरुवात केली आणि चर्चा वाढेल तसे पडदे वाढवले. सबटायटल वाचायला लावणाऱ्या चित्रपटासाठी हा मार्ग शहाणपणाचा होता. जाहिरातीवर मोठा खर्च करून तो एकाच दिवशी सर्वत्र लावला असता, तर पहिल्याच आठवड्यात पडदे कमी होण्याचा धोका होता.

कर्झनने आणखी वाट पाहिली. ब्रिटनमधले प्रदर्शन ऑस्कर सोहळ्याच्या दोन दिवस आधी ठेवले गेले. ९ फेब्रुवारीला चार ऑस्कर मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते, आणि ‘पॅरासाइट’ ब्रिटनमध्ये इंग्रजीखेरीज अन्य भाषेतला सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. हिशेब अचूक निघाला, पण त्याची किंमत प्रेक्षकांनी मोजली. ब्रिटनमध्ये पहिला खेळ लागला तेव्हा अमेरिकेत चित्रपट घरी पाहण्यासाठी विक्रीला आलेला होता. अशा फटीतूनच चोरटी प्रत फिरते, आणि जितका उशीर तितके नुकसान त्याच वितरकाचे होते ज्याने उशीर केला.

मुंबईच्या मामी महोत्सवात ‘पॅरासाइट’ ऑक्टोबर २०१९ मध्येच दाखवला गेला होता. महोत्सवासाठी ठरावीक खेळांपुरती वेगळी परवानगी घेतात आणि त्यासाठी सेन्सॉर प्रमाणपत्रातूनही सूट मिळते. व्यावसायिक प्रदर्शनासाठी मात्र प्रमाणपत्र लागते, पडदे मिळवावे लागतात आणि हिंदी चित्रपटांच्या गर्दीत मोकळा शुक्रवार शोधावा लागतो. जानेवारीत गोल्डन ग्लोब आणि ऑस्कर नामांकनांची बातमी आली, तेव्हा मल्टिप्लेक्सवाल्यांना एका कोरियन चित्रपटासाठी पडदे द्यायला कारण मिळाले.

काही उशीर सरकारी नियमांतून येतात. चीनमध्ये उत्पन्नात वाटा मिळणाऱ्या विदेशी चित्रपटांची वार्षिक मर्यादा आहे आणि प्रदर्शनाची तारीखही बाहेरच्या कंपनीच्या हाती नसते. डिसेंबर २०१६ मधला ‘दंगल’ तिथे मे २०१७ मध्ये लागला. फ्रान्समध्ये चित्रपटगृहानंतर कोणत्या माध्यमाने किती थांबायचे याचा क्रमच ठरलेला आहे. जानेवारी २०२२ पर्यंत नेटफ्लिक्ससारख्या सेवांना साधारणपणे ३६ महिने थांबावे लागे. नंतर हा काळ निम्म्याहून कमी झाला.

या सगळ्यांतून सुटका होते ती एकच खरेदीदार असताना. बोंग यांचाच ‘ओक्जा’ नेटफ्लिक्सने २८ जून २०१७ रोजी आपल्या सेवेवर जगभर एकाच दिवशी आणला, कारण त्याचे हक्क देशवार वाटलेले नव्हते. पण ३६ महिन्यांच्या त्याच नियमामुळे फ्रान्समधल्या चित्रपटगृहांत तो लावणे नेटफ्लिक्सला मान्य नव्हते, आणि त्यावरून कानमध्ये मोठा वाद झाला. जुन्या पद्धतीने विकलेल्या चित्रपटांची गोष्ट वेगळी आहे. कुठल्याही ऑनलाइन सेवेला ते दाखवायचे असतील, तर जिथे स्थानिक वितरकाचा करार चालू आहे त्या देशात त्याच्याशी बोलणी करावी लागतात किंवा मुदत संपण्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे एकच चित्रपट एखाद्या सेवेवर पुण्यात दिसतो आणि लंडनमध्ये दिसत नाही. मुदत संपली आणि नवा खरेदीदार मिळाला नाही, तर आज दिसणारा चित्रपट उद्या यादीतून नाहीसाही होतो.