पत्ता खरा, माणूस दुसरा

समजा, एका कारखान्याच्या कचेरीत दोन संजय पाटील आहेत. एक लेखा विभागातले, जुने. दुसरे खरेदी विभागात नव्याने रुजू झालेले. एका डोमेनवर एक ईमेल पत्ता एकालाच मिळतो, त्यामुळे sanjay.patil आधी आलेल्यांकडे राहिला आणि नव्यांच्या वाट्याला sanjay.patil2 आला.

एक पुरवठादार दरपत्रक पाठवताना तो शेवटचा आकडा विसरतो. पत्ता साफ चुकला असता, तर मेल पोहोचली नाही असा निरोप त्याला परत आला असता. पण आकड्याविनाचा पत्ताही खराच आहे! मेल बिनबोभाट लेखा विभागात जाऊन पडते. जुने पाटील रजेवर, आणि सोमवारी मुदत संपते. नव्यांनी फोन केला की उत्तर येतं, ‘‘साहेब, शुक्रवारीच पाठवलंय की!’’ खरं तर दोघांचीही चूक नाही, पण कामात ढिलाईचा ठपका बसतो तो नव्यांवर. अशा गोंधळाचा भार दोघांवर सारखा पडत नाही, हे साहेबांनी ध्यानात घ्यायला हवं. जुन्यांकडे दोघांच्या मेल येतात, नव्यांकडे स्वतःचीही येत नाही. आणि न आलेली मेल कुणाला दिसत नाही.

जुन्यांनी मेल पुढे धाडली तरी प्रश्न मिटत नाही. मूळ मेलला कुणी ‘सर्वांना उत्तर’ दिलं, की चुकीचा पत्ता पुन्हा सोबत जातो. तो काढून योग्य पत्ता घालूनच उत्तर द्यावं लागतं.

टपालात हाच घोळ आवक लिपिकाच्या टेबलावर होतो. पाकिटावर ‘श्री. एस. आर. पाटील’. एकांचे वडील रामचंद्र, दुसऱ्यांचे रघुनाथ! बँकेचं पाकीट लेखा विभागाचं असावं, असा अंदाज बांधता येतो. पण भविष्यनिर्वाह निधीचं पत्र दोघांपैकी कुणाचंही असू शकतं. अशा वेळी आतला खाते क्रमांक पाहिल्याशिवाय इलाज नसतो. दुसऱ्याचं पाकीट चुकून उघडलंच, तर त्यावर तसं लिहून, तारीख घालून, सही करून लगेच हातात द्यावं. गुपचूप चिकटवलं की संशय येतो.

उपाय करायचा तर दोघांचेही पत्ते बदलावेत, वडिलांचं पूर्ण नाव घालून. कचेरीच्या यादीत नावापुढे विभाग दिसावा. नुसता sanjay.patil कुणालाच ठेवू नये; त्यावर ‘कोणते पाटील हवेत?’ असं विचारणारं आपोआप उत्तर लावावं आणि तिथे आलेल्या मेल रोज पाहायला एक माणूस नेमावा. तरीही नेहमी लिहिणाऱ्यांच्या संगणकात जुना पत्ता साठलेला असतो आणि पहिली दोन-तीन अक्षरं टाईप करताच तोच पुढे येतो. तो ज्याचा त्यानेच सूचनांच्या यादीतून काढावा लागतो, म्हणून पुरवठादारांना एकेक फोन करणं आलंच.