अर्ज मागे घेताना

दुसरीकडचं ऑफर लेटर हातात पडून होकार कळवला, की त्याच दिवशी पहिल्या कंपनीच्या एचआरला लिहावं. नुसत्या तोंडी आश्वासनावर मात्र माघार घेऊ नये. मुलाखत गुरुवारी असेल, तर बुधवारी रात्री कळवून कुणाचाच वेळ वाचत नाही. मुलाखतीच्या जुन्याच ई-मेलला उत्तर द्यावं, म्हणजे त्यांना संदर्भ शोधावा लागत नाही. मजकूर एवढाच पुरे:

‘नमस्कार मॅडम, मी दुसरीकडची नोकरी स्वीकारली आहे. त्यामुळे अकाउंटंट पदासाठीचा माझा अर्ज मागे घेत आहे. गुरुवारची मुलाखत कृपया रद्द करावी. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार.’

नव्या कंपनीचं नाव किंवा पगार सांगायची गरज नाही. ‘सध्या तरी जमत नाही’ असं मोघम लिहिलं, तर ‘पगाराचं बघू’ म्हणणारा फोन येऊ शकतो.