धुलाई आधी की सफाई?

अमेरिकेतील रुग्णालये मेडिकेअरला खर्चाचा अहवाल देतात, तेव्हा धुलाई, सफाई अशा सेवा विभागांचा खर्च सहसा पायरीपायरीने खाली उतरवतात. एकदा वाटलेल्या विभागाकडे मग काही परत येत नाही. पण धुलाईघर सफाईवाल्यांचे गणवेश धुते आणि सफाईवाले धुलाईघर झाडतात, त्याचे काय? एक काल्पनिक रुग्णालय घेऊ. धुलाईचा स्वतःचा खर्च 78,000 डॉलर, सफाईचा 1,00,000. धुलाईचे 10 टक्के काम सफाईसाठी, 60 शस्त्रक्रियेसाठी, 30 बाह्यरुग्णांसाठी. सफाईचे 20 टक्के धुलाईसाठी, 30 शस्त्रक्रियेसाठी, 50 बाह्यरुग्णांसाठी. सफाई आधी वाटली तर शस्त्रक्रियेवर 95,333 डॉलर पडतात, धुलाई आधी वाटली तर 87,225. काम तेच, फक्त क्रम बदलला!

क्रमाचा प्रश्नच काढून टाकायचा तर धुलाईचा एकूण खर्च L आणि सफाईचा H असे दोन्ही अज्ञात मानून एकसामयिक समीकरणे मांडावीत:

```
L = 78000 + 0.20 H
H = 100000 + 0.10 L
```

दुसरे पहिल्यात घातले की 0.98 L = 98,000; म्हणून L = 1,00,000 आणि H = 1,10,000. कोणी म्हणेल, बेरीज 2,10,000 झाली, खर्च तर 1,78,000 होता! जास्तीचे 32,000 म्हणजे एकमेकांना दिलेले 22,000 आणि 10,000. ते आतल्या आतच फिरतात. बाहेर शस्त्रक्रियेकडे 60,000 अधिक 33,000, म्हणजे 93,000 जातात, बाह्यरुग्णांकडे 85,000. बेरीज बरोबर 1,78,000. ती जुळली नाही तर मांडणी चुकली. मात्र हे टक्के ज्यांवरून काढले, ते कपड्यांचे वजन किंवा जागेचे चौरस फूट चुकीचे मोजले असतील, तर ते या बेरजेत दिसत नाही.