श्वासाला उशिरा मिळणारी बातमी

फुप्फुस फुगलं की ताणाची खबर व्हेगस नर्व्हमधून मेंदूला जाते आणि श्वास आत ओढणं थांबतं, हे हेरिंग आणि ब्रॉयर यांनी 1868 मध्ये दाखवलं. ही खबर इतकी झटपट पोहोचते की चूक त्याच श्वासात सुधारते. (तान्ह्या बाळांत ही प्रतिक्रिया ठळक, मोठ्यांत मंद.)

कार्बन डायऑक्साइडची खबर मात्र रक्तासोबत वाहत मानेतल्या आणि मेंदूतल्या संवेदकांपर्यंत जाते. हृदय दुबळं असेल तर तिला आणखी उशीर होतो. समजा, 25 सेकंद लागले. झोपेत हा वायू थोडा वाढला, श्वास खोल झाले. फुप्फुसातला वायू कधीच उतरला, पण मेंदू जुनंच रक्त वाचतोय. तो जोर लावतच राहतो. मग अति स्वच्छ रक्त पोहोचतं आणि श्वास थांबतो. वायू पुन्हा साचतो, तीही बातमी उशिराच. असं एक आवर्तन साधारण मिनिटाचं होतं. यालाच चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात.

नुसता उशीर पुरत नाही. प्रतिसादही तिखट लागतो. लडाखसारख्या उंचीवर विरळ हवेमुळे तो तिखट होतो, पण रक्त वेगात फिरतं, म्हणून आवर्तन वीसेक सेकंदांतच संपतं.

घरच्यांनी छातीकडे पाहावं. घोरणाऱ्याचा घसा बंद झाला तरी छाती धडपडत असते. इथे तीही निश्चल असते. असं दिसलं तर डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावं.