समोर कोणी ऐकत नसेल तर उपदेशाचा शेवट का बिघडतो?

25 मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला आणि त्या वर्षीचा ईस्टर, 12 एप्रिलचा, बहुतेक मराठी मंडळ्यांनी मोबाईलच्या पडद्यावरच साजरा केला. पुढे चर्चचे दरवाजे उघडले, पण रेकॉर्ड केलेली उपासना काही ठिकाणी तशीच चालू राहिली. अंथरुणाला खिळलेली माणसं, रविवारी ड्यूटी असलेल्या नर्सेस, आखातात कामाला गेलेली मुलं, या सगळ्यांसाठी. माझ्या ओळखीचे एक पाळकसाहेब अजूनही महिन्यातून एकदा असा व्हिडिओ करतात. मी संभाषणाच्या अभ्यासात पीएचडी करतोय हे कळल्यावर त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला आणि सोबत एक तक्रारही. मंडळीतल्या एका आजींनी तो पाहून फोन केला होता: "पाळकसाहेब, आमच्यावर रागावलात का हो?"

उपदेश होता लूकच्या 10व्या अध्यायातल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर. रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मग आजींना असं का वाटलं असेल? त्याचं उत्तर शोधताना मला माझ्याच विषयातला एक जुना प्रयोग आठवला. आज तो तुम्हाला सांगतो, कारण "व्हिडिओ छोटा करा, लोकांचं लक्ष टिकत नाही" या नेहमीच्या सल्ल्यापेक्षा तो जास्त कामाचा आहे.

'ट' मोजणारा श्रोता

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला आणि तो 2000 साली प्रसिद्ध झाला. दोन माणसं समोरासमोर बसवायची. एकाने आपल्यावर बेतलेला, थोडक्यात निभावलेला एखादा प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचं. पण काही श्रोत्यांना गुपचूप वेगळंच काम दिलेलं असायचं: समोरच्याच्या बोलण्यात इंग्रजी 't' अक्षराने सुरू होणारा शब्द आला की लपवलेलं बटण दाबायचं. म्हणजे हा माणूस एकेक शब्द अगदी बारकाईने ऐकतोय, पण गोष्ट ऐकत नाहीये.

श्रोता दोन प्रकारची दाद देतो. एक म्हणजे नुसतं "हं", मान हलवणं. हे कुठल्याही वाक्याला चालतं. दुसरी म्हणजे नेमक्या त्या क्षणाची दाद: डोळे विस्फारणं, "अरे बापरे", चेहरा वेदनेने आक्रसणं. 't' मोजणाऱ्यांची ही दुसरी दाद जवळजवळ आटली. आणि त्याचा परिणाम सांगणाऱ्यावर झाला. त्याला समोरच्याच्या गुपित कामाची काहीच कल्पना नव्हती, तरी त्याची गोष्ट बिघडली, सगळ्यात जास्त शेवटाला. कुणी शेवट तोडून टाकला. कुणी तोच शेवट फिरून फिरून सांगितला. कुणी आपण हे का सांगितलं याचं समर्थन करत बसलं.

आता पाळकसाहेबांचा व्हिडिओ बघा. 34 मिनिटांचा. पहिली वीस-बावीस मिनिटं त्यांची नेहमीची शैली. सत्ताविसाव्या मिनिटाला ते मुख्य प्रश्नाशी येतात: जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? क्षणभर थांबतात. काहीच घडत नाही. मग तेच दुसऱ्या शब्दांत सांगतात. एकतिसाव्या मिनिटाला पुन्हा, आता जरा चढ्या आवाजात. शेवटी "मी हे का सांगतोय, तर आपण असे वागत नाही म्हणून." आजींना लागलं ते हे वाक्य. ते लिहिलेल्या टिपणात नव्हतं. चर्चमध्ये हा प्रश्न विचारला की समोर एखादी मान खाली जाते, कुणी डोळे पुसतं, आणि पाळकसाहेबांना कळतं की पोचलं, आता थांबावं. इथे ते कळायला काही मार्गच नव्हता, म्हणून ते ढकलत राहिले.

मी विचारलं, "कॅमेऱ्यामागे कोण होतं?" म्हणाले, "भाचा. हेडफोन लावून आवाजाचा काटा बघत होता." म्हणजे बरोबर 't' मोजणारा श्रोता! खोलीत माणूस होता, शब्दन् शब्द ऐकत होता, पण उपदेश ऐकत नव्हता.

इथे एक सावधगिरी. तो प्रयोग दोन अनोळखी माणसांमधल्या लहानशा किश्शांवर झालेला आहे, उपदेशावर नाही. पाळक वर्षानुवर्षं बोलतात, टिपण घेऊन बोलतात. त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. पण कुठे बघायचं हे मात्र तो नेमकं सांगतो: शेवटाकडे.

मग लांबीचं काय?

लक्ष दहा मिनिटंच टिकतं, असं आपण सगळीकडे ऐकतो. नील ब्रॅडबरी यांनी 2016 मध्ये या दाव्यामागचे मूळ अभ्यास तपासले आणि त्यांना ठोस आधार सापडला नाही. दुसरीकडे, फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एडएक्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या 69 लाख पाहण्यांचा हिशोब मांडला, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या वर जात नाही असं दिसलं. पण ते विद्यार्थी होते, आणि पुढचा व्हिडिओ एका क्लिकवर होता. अंथरुणावरच्या आजी त्यात नाहीत.

मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं: चर्चमध्ये कंटाळलेला माणूस बाकावर बसून राहतो आणि दोन मिनिटांनी परत ऐकू लागतो. व्हिडिओत तो निघून जातो, परत येत नाही. म्हणून श्रोत्यांसाठी ठेवलेल्या ज्या जागा व्हिडिओत रिकाम्या पडतात, त्या आधी काढायच्या. लांबी आपोआप कमी होते.

34 मिनिटांचं 12 मिनिटं कसं झालं

आम्ही दोघं वही घेऊन बसलो आणि प्रत्येक भागापुढे लिहिलं: हा भाग चर्चमध्ये काय काम करतो?

सुरुवातीची साडेपाच मिनिटं म्हणजे "जय ख्रिस्त", मागच्या रविवारची आठवण, उतारा पुन्हा वाचणं. उशिरा येणाऱ्यांना बसू देणं, खोकला-कुजबुज थांबू देणं हे त्यांचं काम. घरी पाहणारा तर आधीच बसलेला आहे. शिवाय उतारा उपासनेत थोड्याच वेळापूर्वी वाचून झालेला असतो. हे सगळं गेलं. नवं पहिलं वाक्य थेट रस्त्यावर: यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाट, जवळपास हजार मीटरचा उतार, दोन्ही बाजूंना ओसाड डोंगर.

मग उदाहरणं. मूळ उपदेशात तीन होती: रेल्वे अपघाताचं, दवाखान्यातलं आणि शेतीच्या बांधावरच्या भांडणाचं. चर्चमध्ये तीन लागतात, कारण पहिल्याने तरुण हलले नाहीत असं दिसलं की पाळक दुसरं काढतात. व्हिडिओत चेहरेच दिसत नाहीत, तेव्हा निवड आधीच करावी लागते. बांधाचं ठेवलं, कारण दाखल्यात महत्त्वाचं आहे ते वैर. यहुदी आणि शोमरोनी यांच्यातला दुरावा कळला नाही तर मदत करणारा शोमरोनी होता याचा धक्काच बसत नाही. त्या वैराला उलट एक मिनिट वाढवून दिलं. लेवी म्हणजे कोण, याचं चार मिनिटांचं स्पष्टीकरण एका वाक्यात आणलं.

"कळतंय ना?", "बरोबर की नाही?" असे तेवीस प्रश्न मी मोजले. प्रत्यक्षात ते छान चालतात, कारण उत्तर मिळतं. इथे दोनच ठेवले.

राहिला शेवट. दाखल्यातच त्याचं उत्तर आहे, हे पाळकसाहेबांच्याच लक्षात आलं. शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? येशू गोष्ट सांगतो आणि प्रश्न उलटवून त्याच्याकडेच परत देतो. उत्तर शास्त्र्याला द्यावं लागतं. मग आपण तरी उत्तर का सांगावं? शेवटची चार वाक्यं शब्दशः लिहून पाठ केली. चौथं वाक्य प्रश्नाचं. त्यानंतर मनात पाच आकडे मोजायचे, लेन्सकडे बघत, आणि मग फक्त प्रार्थना. एडिटिंग करताना ही शांतता "रिकामी जागा" समजून कापली जाते, म्हणून भाच्याला ते आधीच बजावलं.

लेन्सखालचा माणूस

भाचा आवाजच बघेल हे ठरलं. ऐकायला संडे स्कूलच्या एका निवृत्त बाईंना बोलावलं. अट एकच: उपदेश त्यांनी आधी वाचलेला नको. त्या लेन्सच्या अगदी खाली, बुटक्या स्टुलावर बसल्या. खालीच का? नजर लेन्सच्या किंचित खाली असेल तर पाहणाऱ्याला ती आपल्याकडेच आहे असं वाटतं. डावी-उजवीकडे किंवा वर सरकली की मात्र लगेच खटकतं. त्यांनी "हं" म्हणायचं नव्हतं, कारण माईक ते पकडतो. पण चेहरा मोकळा सोडायचा होता.

दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये शेवट एकदाच आला. पाळकसाहेब म्हणाले, "बाईंचे डोळे बघून मला थांबता आलं."

झालं की नाही हे कसं ओळखायचं

युट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओचा Audience retention हा आलेख बघता येतो. हळूहळू उतरणारी रेघ नेहमीचीच, तिचं दुःख करू नका. एखाद्या ठिकाणी अचानक कडा कोसळला असेल तर तिथलं वाक्य ऐका. पण छोट्या मंडळीत हा आलेख फसवतो. साठ-सत्तर पाहण्यांमध्ये एका माणसाने चहा ठेवायला उठून व्हिडिओ बंद केला तरी रेघ हलते. एका फोनवर पाच जण बघतात ते एकच धरले जातात. व्हॉट्सअॅपवर फाइल पुढे गेली तर ती मोजलीच जात नाही.

त्यापेक्षा सोपी कसोटी आहे. व्हिडिओची शेवटची चार मिनिटं स्वतः ऐका आणि मुख्य वाक्य किती वेळा आलं ते मोजा. दोनपेक्षा जास्त वेळा आलं असेल, किंवा "मी हे का सांगतोय" असं कुठे आलं असेल, तर बोलणाऱ्याला खोलीत ऐकणारा मिळाला नव्हता असं समजा. त्याला आणखी कापायला सांगू नका. ऐकणारा माणूस आणून बसवा आणि शेवट पुन्हा रेकॉर्ड करा.

आजींनी नवा व्हिडिओही पाहिला. या वेळी फोन केला तो पाळकसाहेबांना नाही, बाराएक वर्षं अबोला असलेल्या धाकट्या जावेला. हे मला नंतर कळलं. आलेखात ते दिसलं नसतं.