गिलाव्याआधी भिंतीत जाणारी वायरिंग

कन्सील्ड वायरिंगमध्ये विजेच्या तारा थेट भिंतीत पुरलेल्या नसतात. आधी पीव्हीसीच्या नळ्या, म्हणजे कंड्युट, स्लॅबमध्ये आणि भिंतींत बसवतात. त्यावर गिलावा होतो आणि गिलावा वाळल्यानंतर त्या नळ्यांतून तारा ओढल्या जातात. नळी घराइतकीच टिकणार असते, तार मात्र वीस-पंचवीस वर्षांनी किंवा भार वाढला की बदलावी लागते. त्यामुळे काम चांगले झाले की नाही, याची कसोटी अशी: भिंत न फोडता जुनी तार ओढून काढता आली पाहिजे आणि त्याच वाटेने नवी घालता आली पाहिजे.

काम दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा स्लॅबचा. लोखंडी सळयांची जाळी बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्याआधी छतातल्या नळ्या टाकतात. दिवे आणि पंख्यांच्या जागी खोल बॉक्स बसवतात. पंख्याच्या बॉक्समधला हूक सळईला बांधलेला असतो. नळ्या बाइंडिंग वायरने सळयांना बांधून ठेवतात आणि जोडांना सोल्यूशन लावतात. बॉक्स व नळ्यांची उघडी तोंडे कागद किंवा टोप्यांनी बंद करतात. या टप्प्यात काँक्रीटचे पाणी नळीत शिरले आणि सिमेंट आत घट्ट झाले, तर ती नळी कायमची बाद होते. स्लॅबसाठी पातळ जातीची नळी चालत नाही. काँक्रीटचा भार आणि त्यावर चालणाऱ्या माणसांचे पाय सोसेल अशी मध्यम किंवा जड जातीचीच नळी घ्यावी लागते. या नळ्यांचे भारतीय मानक आयएस ९५३७ आहे आणि तो क्रमांक नळीवर छापलेला असतो.

दुसरा टप्पा भिंतींचा. वीटकाम पुरेसे घट्ट झाल्यावर भिंतीवर आखणी करतात. त्यासाठी आधी सगळ्या खोल्यांत एकाच पातळीची रेघ मारून घेतात आणि प्रत्येक बॉक्सची उंची त्या रेघेवरून मोजतात. उंची नेहमी तयार फरशीपासून धरायची असते. कच्च्या जमिनीवर भर आणि फरशी मिळून तीन-चार इंच वाढतात. हे विसरले तर चार फुटांवर हवा असलेला स्विचबोर्ड शेवटी पावणेचार फुटांवर येतो आणि शेजारच्या दोन खोल्यांतले बोर्ड वेगवेगळ्या उंचीवर दिसतात.

नळीची वाट उभी किंवा आडवीच ठेवायची, तिरकी कधीच नाही. तिरक्या वाटेने दोन फूट नळी वाचते. पण पुढे भिंतीवर खिळा ठोकणाऱ्याला तार कुठून गेली आहे याचा अंदाज येत नाही. वाट उभी असेल तर बोर्डाच्या थेट वर आणि खाली खिळा ठोकायचा नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

आखणीनंतर कटरने दोन समांतर रेघा कापून मधला भाग छिन्नीने काढतात. याला झिरी मारणे म्हणतात. झिरीच्या खोलीला दोन मर्यादा आहेत. ती फार उथळ असेल तर नळी गिलाव्याच्या लगेच खाली राहते आणि काही महिन्यांत तिच्या वाटेने सरळ रेघेची चीर उमटते. भिंतीवर अशी सरळ उभी चीर दिसली तर तिचे कारण बहुधा हेच असते. झिरी फार खोल गेली तर भिंतच कमकुवत होते. बांधकामातला सर्वसाधारण संकेत असा की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. चार इंची भिंतीत उभ्या झिरीला सव्वा इंचाच्या आसपास जागा मिळते. २५ मिमीची नळी तिथे जेमतेम बसते. त्या भिंतीत लांब आडवी झिरी मात्र टाळलेलीच बरी. एकाच जागी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी झिऱ्या मारू नयेत. काँक्रीटच्या खांबाला किंवा तुळईला तर कटर लावायचाच नाही.

नळी झिरीत हूक किंवा तारेने पक्की करतात आणि झिरी सिमेंटच्या गच्च मालाने भरून घेतात. त्यावर दोन्ही बाजूंनी काही इंच पुढे जाईल अशी लोखंडी जाळी मारली की चिरेची शक्यता बरीच कमी होते. स्विचचा बॉक्स विटेच्या पातळीत बसवायचा नसतो. आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिमीचा असतो, म्हणून बॉक्स तेवढाच बाहेर ठेवतात. बॉक्स आत राहिला तर प्लेटचे स्क्रू पोहोचत नाहीत आणि बाहेर आला तर प्लेट भिंतीपासून सुटलेली दिसते. गवंड्याने गिलाव्याच्या जाडीच्या खुणा लावल्यानंतर बॉक्स बसवले, तर हा घोळ होत नाही.

तार ओढता येईल की नाही हे मुख्यतः वळणांवर ठरते. नळीला दिलेल्या वळणाची त्रिज्या किमान साडेसात सेंटिमीटर असावी. त्यासाठी नळीत स्प्रिंग घालून ती हळूहळू वाकवतात. काटकोनी एल्बो बसवणे सोपे, पण तार त्याच्या कोपऱ्यात अडकते. जोराने ओढली तर तिचे आवरण खरवडले जाते आणि आत झालेली जखम बाहेरून दिसत नाही. दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त काटकोनी वळणे येत असतील, तर तिथे एक ओढबॉक्स घालावा.

इथून बॉक्सचा नियम येतो. तारांचा जोड फक्त बॉक्समध्येच असतो, नळीच्या आत कधीच नाही. जोड सैल झाला की तापतो. नळीतला तापलेला जोड कोणालाही सापडत नाही. शक्य तिथे वेगळा जोडच न घेता तार एका स्विचच्या किंवा सॉकेटच्या स्क्रूपाशी आणून तिथूनच पुढे नेतात. असा जोड प्लेट काढली की समोर येतो. वेगळा जंक्शन बॉक्स लागलाच, तर त्याचे झाकण उघडता येईल अशा ठिकाणी हवे. फॉल्स सीलिंगच्या वर बॉक्स राहत असेल तर त्याखाली झडप ठेवावी लागते. भिंतीतल्या कपाटामागे आलेल्या बॉक्सची जागा बदलावी लागते. बॉक्सवरून गिलावा मारणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे आणि ती दिवा बंद पडेपर्यंत कळत नाही.

नळीत किती तारा घालाव्यात यालाही मर्यादा आहे. भारतीय मानकांतल्या तक्त्यानुसार १.५ चौरस मिमीच्या तारा २० मिमी नळीत सरळ वाट असेल तर सात आणि वळणे असतील तर पाच मावतात. २५ मिमी नळीत हेच आकडे बारा आणि दहा होतात. नळीत मोकळी जागा लागते ती तार सरकावी आणि तिची उष्णता बाहेर पडावी म्हणून.

एक साधी झोपायची खोली घेतली तर हा हिशेब स्पष्ट होतो. समजा तिच्या छतात दोन दिवे, एक रात्रीचा दिवा आणि एक पंखा आहे, तर भिंतीवर सहा अँपिअरचे तीन सॉकेट आहेत. एकूण सात पॉइंट झाले. दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार नसावा, असा प्रचलित नियम आहे. दिवे सुमारे ३० वॅट, पंखा ७५ आणि सॉकेटचे प्रत्येकी १०० धरले तर भार जवळपास ४०० वॅट होतो. म्हणजे एक सर्किट पुरते. आता बोर्डावरून छताकडे जाणाऱ्या तारा मोजायच्या. चार स्विचमधून निघणाऱ्या चार, एक न्यूट्रल आणि एक अर्थिंग, अशा सहा तारा झाल्या. वाटेत वळण असल्यामुळे २० मिमीची नळी पाचावरच भरते. तिथे २५ मिमीची घेतली तर सहा तारा आरामात जातात आणि आणखी चारांची सोय उरते. पुढे आणखी दोन दिवे घ्यायचे ठरले तर भिंतीला हात लावावा लागत नाही. एसीचा पॉइंट या सर्किटवर घ्यायचा नसतो. त्याच्यासाठी डीबीपासून, म्हणजे घराच्या वितरण पेटीपासून, थेट वेगळी नळी, ४ चौरस मिमीची तार आणि स्वतंत्र एमसीबी ठेवतात.

तार ओढताना रंगांचा नियम पाळला तर पुढचे काम सुरक्षित होते. भारतातल्या प्रचलित पद्धतीत फेजसाठी लाल, पिवळा आणि निळा, न्यूट्रलसाठी काळा आणि अर्थिंगसाठी हिरवा किंवा हिरवा-पिवळा रंग असतो. हिरवी तार उरली म्हणून ती स्विचला वापरणे हा जिवाशी खेळ आहे, कारण पुढचा माणूस ती अर्थिंग समजून हाताळतो. उपकरणांच्या लवचिक वायरीत न्यूट्रल निळा आणि फेज तपकिरी असतो, तर भिंतीतली निळी तार फेज असू शकते. म्हणून रंग पाहिल्यावरही टेस्टरने खात्री करावीच लागते. प्रत्येक सर्किटची न्यूट्रल स्वतःची असावी आणि दोन्ही टोकांना सर्किटचा क्रमांक लावावा. दोन आरसीसीबीखालच्या सर्किटांच्या न्यूट्रल एकत्र झाल्या, तर कसलाही बिघाड नसताना आरसीसीबी पडत राहतो.

राखीव सोय गिलाव्याआधीच स्वस्तात होते. डीबीत आठ सर्किट लागत असतील तर बारांची पेटी घ्यावी. डीबीपासून गच्चीपर्यंत सौर पॅनेलसाठी आणि गाडी उभी राहते तिथपर्यंत चार्जरसाठी प्रत्येकी एक जाड नळी रिकामी टाकून ठेवावी. तिच्यात ओढायची तार घालून दोन्ही तोंडे बंद करावीत. इंटरनेट आणि टीव्हीच्या तारांची नळी नेहमी वेगळी ठेवावी, विजेच्या तारांसोबत त्या नेऊ नयेत.

सगळ्या तारा ओढून झाल्यावर आणि वीज सुरू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासतात. वाचन एक मेगओमपेक्षा कमी आले तर कुठेतरी आवरण खरवडले आहे किंवा नळीत ओल आहे, असे समजावे. महाराष्ट्रात हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे लागते आणि वीजजोडणीसाठी त्याचा चाचणी अहवाल द्यावा लागतो.

घरमालकाच्या हातात मात्र सर्वांत उपयोगी वेळ त्याआधीची असते. प्रत्येक नळीतून ओढतार आरपार गेलेली पाहावी. प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून तिचे फोटो काढून ठेवावेत. प्रत्येक बॉक्स नकाशावर दाखवून घ्यावा. या तीन गोष्टी झाल्यावरच गवंड्याला गिलावा सुरू करायला सांगावे.